डायरीतला कठडा

आमची संस्था सांगोला तालुक्यात पाणलोटाची कामं करते, ऑफिस सोलापुरात. प्रोजेक्ट संपला की डोनरला रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यांना तो विषयवार लागतो: कामं, खर्च, लोकसहभाग, पाणी पातळी, अडचणी. आमच्याकडे मात्र असते ती फिल्डवरच्या काकांची डायरी. रोज रात्री जे आठवेल ते लिहिलेलं. आमचे सर म्हणतात "अगं त्यात काय, कट-पेस्ट तर करायचंय." ज्यांनी हे काम कधी केलं नाही ते सगळे असंच म्हणतात.

एक नोंद जशीच्या तशी देते म्हणजे कळेल. "11 ऑक्टोबर. रात्री पाऊस लई, ओढा वाहिला. सांडव्याजवळ माती खचली. विहीर 2, 8.05. सरपंच म्हणाले जेसीबी सोमवारी. डिझेल 1800 मी दिले. बायकांची मीटिंग नाही, चिखल." आता हे टाका कुठल्या हेडिंगखाली? एवढ्याशा नोंदीत पाऊस आहे, दुरुस्ती आहे, पातळी, खर्च, लोकसहभाग सगळं आहे. त्यामुळे मी नोंद अख्खी उचलत नाही, वाक्यं सुटी करते. एक्सेलमध्ये एका ओळीत एकच वाक्य, शेजारी तारीख, डायरीचं पान आणि विषय, मग विषयावर सॉर्ट. एखादं वाक्य दोन विषयांचं असलं तर ते दोन्हीकडे टाकायचं, पण पूर्ण एकाच ठिकाणी लिहायचं, दुसरीकडे नुसता उल्लेख. आणि "काल", "त्याच दिवशी", "मग" हे शब्द सॉर्ट करायच्या आधीच तारखा घालून बदलायचे, कारण सॉर्ट झाल्यावर "काल" म्हणजे कधीचा काल ते देवालाच माहीत.

तर सॉर्ट झाल्यावर पाणी पातळीचं हेडिंग मस्त दिसायला लागलं, सगळ्या विहिरींचे आकडे एकाखाली एक. आकडा म्हणजे वरून टेप सोडून पाण्यापर्यंत मोजलेलं अंतर, मीटरमध्ये, त्यामुळे आकडा कमी झाला की पाणी वर आलं. विहीर 1 आणि 3 चं पाणी सप्टेंबर ते ऑक्टोबर दीड मीटरच्या आसपास वर आलेलं. विहीर 2 मात्र 3 सप्टेंबरला 8.90 आणि 11 ऑक्टोबरला 8.05, म्हणजे वाढ फक्त 85 सेंटीमीटर. बरं, हीच विहीर बंधाऱ्याला सगळ्यात जवळ! सरांनी लगेच वाक्य पण सुचवलं, "स्थानिक भूस्तररचनेमुळे पुनर्भरण मर्यादित." ऐकायला भारी वाटतं, पण त्याला पुरावा काय?

मला ते पटेना म्हणून मी सॉर्ट काढलं आणि विहीर 2 चा सगळा मजकूर परत तारखेनं लावला. दोन मापांच्या मध्ये 20 सप्टेंबरची नोंद होती: "विहीर 2 कठडा पूर्ण, गवंड्याचे पैसे दिले." सॉर्टमध्ये हे वाक्य "कामं" आणि "खर्च" मध्ये गेलेलं, पातळीशी त्याचा संबंध आहे असं कुणाला वाटणार? काकांना फोन केला, "काका, 11 तारखेला टेप कुठनं सोडला होता?" तर म्हणाले, "कठड्यावरनं की मॅडम, आता कठडा असताना खाली वाकू कशाला." आणि आधी? आधी जमिनीपासून. कठडा 75 सेंटीमीटरचा. 8.05 मधून 0.75 वजा केले की जमिनीपासून 7.30, म्हणजे खरी वाढ 1.60 मीटर. भूस्तररचना बिचारी निर्दोष सुटली.

यात काकांची चूक मी म्हणणार नाही. त्यांच्या डायरीत सगळं होतं, आणि ओळीनं वाचलं तर कठडा बरोबर दोन मापांच्या मध्येच येतो. आपण हेडिंगं पाडतो तेव्हा शेजारच्या गोष्टी लांब जातात, आणि डोनरच्या साच्यात "माप कुठून घेतलं" असा रकानाच नाही. फोटोंची साइज किती केबी असावी ते मात्र त्यांनी व्यवस्थित लिहून दिलंय.

शेवटी मी पातळीच्या तक्त्यात "मापनबिंदू" असा रकाना वाढवला, जमीन की कठडा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तारीख ठेवली. शिवाय प्रत्येक विहिरीचा घटनाक्रम तारखेनुसार एका पानावर मागे जोडला. सर म्हणाले रिपोर्ट जड होतोय, तारखा काढ, वाचायला स्मूथ होईल. तारखा काढल्या असत्या तर हा कठडा मला कधी सापडलाच नसता, असं मी त्यांना सांगितलं, त्यावर ते चहा घ्यायला गेले.

अजून विहीर 5 चं एक माप राहिलंय. तिलाही मध्येच कठडा झाला, पण नंतरच्या मापाला टेप कुठनं सोडला ते काकांना आठवत नाही, डायरीतही नाही. तिथे मी आकडा आहे तसा ठेवून "मापनबिंदू नोंदवलेला नाही" असं लिहिलंय आणि सरासरीतून ती विहीर वगळलीय. सरांचं म्हणणं, डोनर विचारेल. विचारू दे की.