चकचकीत कागदाच्या आत साचलेलं पाणी
सणासाठी पीस लिलीच्या कुंडीला सोनेरी फॉइल गुंडाळून लाल रिबन बांधली होती. आज सकाळी पानं माना टाकून बसलेली. तहान लागली असेल म्हणून पाणी घालणार होते, पण आधी मातीत बोट घातलं तर ती चिंब ओली! फॉइल सोडलं, तर तळाशी बोटभर पाणी आणि कुबट वास. बिचाऱ्या मुळांना हवाच मिळत नव्हती. पाणी ओतून टाकलं, फॉइलला खालून भोकं पाडली, खाली बशी ठेवली. आता वरची माती सुकली की कुंडी फॉइलमधून काढून मोरीत पाणी घालायचं, अर्धा तास निथळू द्यायचं, मगच परत सजवायचं. रिबन मात्र कुंडीलाच, देठांना नाही.