तिसरा रकाना

अकरावीच्या इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर नेहमीप्रमाणे तीन रकाने आखले होते: वस्तुस्थिती, मत आणि पूर्वग्रह. विषय होता 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत झालेला गोळीबार. त्यासाठी मी दोन कथने छापून आणली होती. एक ब्रिगेडियर जनरल डायरच्या लष्करी अहवालांतील उतारे, आणि दुसरे त्या रात्री पतीच्या मृतदेहाशेजारी बागेत बसून राहिलेल्या रतनदेवींची काँग्रेसच्या चौकशी समितीपुढील जबानी. या समितीवर आपले मुकुंदराव जयकरही होते, हे मी मुलांना आवर्जून सांगितले.

पंधरा मिनिटांत वह्या भरल्या आणि बहुतेकांचे उत्तर एकच निघाले. डायरची सगळी वाक्ये तिसऱ्या रकान्यात, रतनदेवींची सगळी पहिल्या रकान्यात. ही वाटणी साधनांची नव्हती, माणसांची होती. मुलांच्या संतापाशी माझे भांडण नव्हते, कारण तो माझ्याही मनात आहे. परंतु अशाने पुरावा हातातून निसटतो.

म्हणून आम्ही रतनदेवींच्या एकाच वाक्यापाशी थांबलो. मृतांमध्ये अनेक बिचारी निष्पाप मुले होती, असे त्या सांगतात. मुलांचे मृतदेह त्यांनी पाहिले, ही साक्ष आहे; ‘बिचारी’ आणि ‘निष्पाप’ हे त्यांचे मूल्यमापन आहे. ते मला पूर्णपणे पटते, तरीही ते वेगळे काढता आले पाहिजे. शिवाय गोळ्या सुटल्या तेव्हा त्या बागेजवळच्या आपल्या घरात होत्या, आवाज ऐकून नंतर आल्या. त्यामुळे सैनिक कुठे उभे होते किंवा इशारा दिला होता का, याबद्दल त्यांची जबानी काही सिद्ध करू शकत नाही. त्या रात्रीबद्दल मात्र तिच्याइतके जवळचे साधन क्वचितच मिळेल.

नंतर डायरकडे वळलो. 14 एप्रिलच्या अहवालात तो लिहितो की आपले सैन्यबळ थोडे होते आणि कचरलो असतो तर हल्ला झाला असता. 25 ऑगस्टच्या अहवालात तोच माणूस म्हणतो की प्रश्न केवळ जमाव पांगवण्याचा उरलाच नव्हता, साऱ्या पंजाबवर पुरेसा परिणाम घडवायचा होता, आणि सैनिक अधिक असते तर हानीही त्या प्रमाणात वाढली असती.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने 50 बंदूकधारी आणि 1650 फैरी हे आकडे घेऊन वहीत भागाकार केला होता. “मॅडम, प्रत्येकी 33 गोळ्या होतात. गोळीबार सुमारे दहा मिनिटे चालला असेल, तर एका बंदुकीतून मिनिटाला तीनच. घाबरून झाडलेल्या गोळ्या अशा मोजून मापून सुटतील का? आणि हे आकडे तर डायरच्या बाजूनेच आले आहेत. मग त्याचे सगळे पूर्वग्रहाच्या रकान्यात कसे टाकायचे?”

तिचा भागाकार बरोबर होता, पण ती सरासरी होती आणि दहा मिनिटे हा अंदाज होता. त्यावरून हेतू सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितले. प्रश्नाचा दुसरा भाग मात्र माझ्या फळ्यालाच लागू पडत होता. पूर्वग्रह हा वाक्याचा प्रकार नसतोच. खऱ्या आकड्याचे वाक्यही पूर्वग्रहातून निवडलेले असू शकते, आणि उघड पूर्वग्रह असलेला माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लिहून ठेवतो, तेव्हा तिचे वजन वाढते. ऑगस्टच्या अहवालातील ती वाक्ये डायरला अडचणीची वाटलीच नाहीत. ती त्याला स्वतःचे समर्थन वाटली. त्याचा पूर्वग्रह तिथेच दिसतो, आणि सर्वांत मोलाचा पुरावाही तिथेच आहे.

मी तिसरा रकाना पुसला आणि त्या जागी कोणी, कोणाला, केव्हा आणि कशासाठी सांगितले, असे लिहिले. मग दोन अहवालांत भीतीची जागा परिणामाने का घेतली, यावर चर्चा रंगली. एका मुलाने ठामपणे सांगितले की एप्रिलचे कारण खोटे आणि ऑगस्टचे खरे. मी त्याला थांबवले. मधल्या चार महिन्यांत प्रसंगही बदलला होता. पहिला अहवाल घटनेच्या दुसऱ्या दिवशीचा, दुसरा कृतीचे कारण मांडण्यासाठी लिहिलेला. दोन कारणे जुळत नाहीत, एवढे कागद सांगतात. त्या संध्याकाळी त्याच्या मनात नेमके काय होते, ते या दोन कागदांवरून ठरत नाही. नोव्हेंबरमध्ये सरकारने नेमलेल्या हंटर चौकशी समितीपुढे त्याने दिलेली उत्तरे पुढच्या तासाला घ्यायचे ठरले.

तास संपायच्या आधी मी विचारले, दोन्ही बाजू एकमेकींना न विचारता कुठे जुळतात? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच मुलीला सापडले. त्या दिवशी सकाळी डायरने शहरात दवंडी पिटवून रात्री आठनंतर घराबाहेर पडण्यास बंदी केली होती. आणि रतनदेवी सांगतात की पतीचा देह नेण्यासाठी त्यांनी खाट मागवली, पण आठ वाजले होते आणि कोणालाही घराबाहेर पडता येत नव्हते.