आत गेलेला दात

२ जुलै, रात्री.

आज सकाळी चिऊचे दात घासताना वरच्या डाव्या पटाशीच्या दाताचा रंग बदललेला दिसला. आधी वाटले की खिडकीतला उजेड कमी असेल, म्हणून तिला गॅलरीत नेले आणि ओठ वर करून पुन्हा पाहिले. शेजारचे दात दुधासारखे पांढरे आणि हा एक मात्र पाण्यात राख कालवल्यासारखा. माझे हात गार पडले. सात आठवडे मी डोळ्यांत तेल घालून उजव्या दाताकडे पाहत होते आणि डाव्या दाताचा रंग कधी उतरला हे मला कळलेसुद्धा नाही.

योगायोगाने आजच तपासणीची तारीख होती. दुपारपर्यंतचा वेळ कसा काढला ते माझे मला माहीत. सकाळी काकूंचा फोन आला तेव्हा त्या नेहमीचेच म्हणाल्या, ‘‘अगं, दुधाचाच तर दात आहे, पडायचाच आहे.’’ त्यांचा हेतू चांगला असतो, हे मी जाणते. पण हे वाक्य १४ मेपासून मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकताच घशात काहीतरी दाटून येते.

त्या संध्याकाळचे पुन्हा एकदा लिहून काढते. न्हाणीघराच्या संगमरवरी उंबरठ्यावर ती तोंडावर आपटली. मी तेव्हा फोनवर कोणाशी बोलत होते, ते इथे लिहीत नाही. उचलले तर तोंड रक्ताने भरलेले, डाव्या दाताचा कोपरा उडालेला आणि उजव्या दाताच्या जागी नुसती सुजलेली, जांभळी हिरडी. तो दात पडलाच असे धरून आम्ही दोघे फरशीवर गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो. सापडली ती फक्त डाव्या दाताची कपची, तांदळाच्या कणीएवढी. यांनी कुठेसे वाचले होते की पडलेला दात दुधात ठेवावा, म्हणून ते वाटीत दूध घेऊन उभे होते.

फोनवर डॉक्टरांनी आधी दातांचे काही विचारलेच नाही. ती बेशुद्ध झाली होती का, उलटी झाली का, पेंगुळली आहे का, श्वास घेताना घरघर येते का, एवढेच विचारले. ‘नाही’ म्हटल्यावर म्हणाल्या, ‘‘लगेच घेऊन या, आणि दात सापडला तरी जागेवर बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका.’’ दुधात ठेवून पुन्हा बसवण्याची धडपड कायमच्या दातासाठी असते. दुधाचा दात मुळासकट निघून आला तरी तो परत बसवत नाहीत, कारण त्याला आत रेटताना वर वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते.

दवाखान्यात डॉक्टर आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो. चिऊचे पाय माझ्या कमरेभोवती आणि डोके त्यांच्या मांडीवर. ती माझ्याकडे बघत रडत होती आणि मला तिचे हात धरून ठेवायचे होते. त्यांनी आधी तिचा ओठ दोन बोटांत धरून चाचपला, कारण उडालेला तुकडा कधी कधी ओठाच्या मांसात रुतून बसतो. कपची मी रुमालात नेली होती, म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला. मग मांडीवर घेऊनच छोटा एक्स-रे काढला, आणि पडला असे आम्ही समजत होतो तो दात त्यात आख्खा दिसला. मार बसताच तो खिळ्यासारखा हिरडीत वर घुसला होता. या वयात जबड्याचे हाड मऊ असते, त्यामुळे दात तुटण्यापेक्षा जागचा हलण्याचेच प्रमाण जास्त असते.

डॉक्टरांनी तो एक्स-रे मला शेजारी उभे करून वाचायला शिकवला. कायमच्या दाताचा अंकुर दुधाच्या दाताच्या मुळामागे, टाळूच्या बाजूला असतो. आत गेलेला दात एक्स-रेत शेजारच्या दातापेक्षा आखूड दिसला, तर त्याच्या मुळाचे टोक ओठाच्या दिशेने, म्हणजे अंकुरापासून दूर सरकलेले असते. तो लांब दिसला आणि टोक नीट दिसेना, तर ते अंकुराकडे गेले असे समजायचे. चिऊचा दात आखूड दिसत होता. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, इतक्यात त्या म्हणाल्या, ‘‘तरीही मी तुम्हाला खात्री देणार नाही.’’

त्या एका वाक्याने सात आठवडे माझी झोप उडवली आहे. वरच्या पटाशीच्या कायमच्या दाताचे एनॅमल बाळ तीन-चार महिन्यांचे असताना धरू लागते आणि त्याचा हिरडीबाहेर दिसणारा भाग पुरा व्हायला चौथे-पाचवे वर्ष उजाडते. म्हणजे एकोणीस महिन्यांची चिऊ पडली तेव्हा तिच्या हिरडीआड तो दात नुकता थर चढवत होता. दात आत घुसण्याचा मार जितक्या लहान वयात, तितकी मागच्या दातावर खूण राहण्याची शक्यता जास्त. बहुधा ती खूण म्हणजे एखादा पांढरा किंवा पिवळट-तपकिरी डाग असतो, कधी एनॅमलमध्ये खळगा पडतो, क्वचित दात वाकडा वाढतो किंवा उशिरा येतो. डाग आणि खळगे पुढे भरता येतात. पण काय झाले आहे ते दिसणार कधी, तर तो दात बाहेर येईल तेव्हा, सातव्या वर्षाच्या आसपास. तोपर्यंत मी रोज सकाळी ओठ वर करून पाहायचे आणि काहीही दिसणार नाही. मी त्या दिवशी फोन का उचलला, हे मात्र दिसत राहणार.

आज डॉक्टरांसमोर मी राखाडी दाताविषयीच आधी बोलले आणि बोलता बोलता रडू आले. दात मेला का, आता काढणार का, पू होणार का, सगळे एका दमात विचारले. त्यांनी शांतपणे आधी दाताच्या वरची हिरडी दाबून पाहिली, दात बोटाने हलवून पाहिला, मग एक्स-रे घेतला. हिरडी गुलाबी होती आणि दातही पहिल्या आठवड्यात हलत होता तसा आता हलत नव्हता. मार बसलेल्या दुधाच्या दाताचा रंग असा बदलणे नेहमीचेच, असे त्या म्हणाल्या. आतल्या नसेला धक्का बसतो, कधी रक्त उतरते. हा राखाडी रंग काही महिन्यांनी फिका पडू शकतो, किंवा दात पिवळट होतो, कारण आतली पोकळी हळूहळू भरत जाते, किंवा तो पडेपर्यंत तसाच राखाडी राहतो. नुसत्या रंगासाठी ना मुळावर उपचार करायचे, ना दात काढायचा. कोपरा उडाला होता तिथे नस उघडी पडलेली नव्हती, म्हणून तेव्हा फक्त कड घासून गुळगुळीत केली होती आणि तेवढे पुरेसे होते.

मग पाहायचे काय, असे मी विचारले. त्यांनी माझे बोट धरून चिऊच्या हिरडीवर, दाताच्या मुळाच्या जागी ठेवले. इथे पुटकुळी आली, ती फुटून पू आला, हिरडी सुजली, बसलेला दात पुन्हा हलू लागला, किंवा चिऊ त्या बाजूला हात लावू देईना, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचे. तापाबरोबर ओठ किंवा गाल सुजला तर रात्रीसुद्धा थांबायचे नाही. मुळाशी पू राहिला तर तो शेजारच्या अंकुरालाही बाधतो, म्हणून तिथे दिरंगाई चालत नाही, आणि असा दुधाचा दात वाचवण्याचा हट्ट न धरता बहुतेक वेळा तो काढून टाकतात.

हे ऐकताना माझ्या मनात काहीतरी जागच्या जागी बसले. सात आठवडे मी दोन वेगळ्या गोष्टींची एकच भीती करून उराशी धरली होती. उंबरठ्यावर त्या क्षणी अंकुराला जे व्हायचे ते होऊन गेले, आणि माझ्या पाहण्याने त्यात राईएवढाही फरक पडणार नाही. पुढे जंतुसंसर्ग होऊन होईल ते नुकसान मात्र माझ्या सकाळच्या त्या दोन मिनिटांत वेळीच पकडता येईल. मग मी ओठ वर करते तेव्हा कशासाठी करते, हे मला आज पहिल्यांदा समजले. दोष अजून आहेच. आज तो जरा बाजूला सरकून बसला, इतकेच.

आणि उजवा दात. त्याचे टोक पाचव्या आठवड्यात हिरडीतून तांदळाच्या दाण्यासारखे डोकावले होते. आज डॉक्टरांनी पाहिले तर साधारण एक तृतीयांश बाहेर आला आहे. त्याला ओढायचे नाही, दाबायचे नाही, तो आपणहून उतरतो, बहुतेक वेळा सहा महिन्यांत, कधी वर्षही लागते. उतरायचा थांबला आणि तिथेच अडकून बसला तर मात्र पुढचा विचार करावा लागेल. पहिला आठवडा दिवसातून दोनदा औषधाच्या पाण्यात कापूस बुडवून मी ती हिरडी पुसत होते आणि प्रत्येक वेळी ती तोंड घट्ट मिटून घेत होती. आई मऊ भात कालवून भरवायची आणि मी दाराआड उभी राहायचे. ते दिवस आता संपले.

पुढची तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळीनंतर. मग वर्ष पूर्ण झाल्यावर आणि त्यानंतर थेट ती सहा वर्षांची झाल्यावर. मी लसीकरणाच्या कार्डाच्या मागच्या पानावर १४ मे ही तारीख, कोणता दात आत गेला आणि कोणत्या दाताचा कोपरा उडाला, हे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले. चार-पाच वर्षांनी तिला नेणारे कोणीही असो, समोरच्या डॉक्टरला हे माहीत असले पाहिजे.

संध्याकाळी काकूंना मीच फोन केला आणि हिरडीआडच्या अंकुराचे सगळे समजावून सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘आमच्या वेळी कोणी सांगितलेच नाही गं.’’ त्यांचा धाकटा, त्याचा तो पुढचा दात... असो.

चिऊ झोपली आहे. आज जेवताना तिने पोळीचा तुकडा पहिल्यांदा पुढच्या दातांनी तोडला, आणि अर्धवट आलेल्या त्या दाताची एक छोटी खाच तुकड्याच्या कडेला उमटलेली मी पाहिली.