वहीतली शिल्लक आणि वर्षाचा नफा

“वहीत तीन लाख उरलेले दिसतात, मग खरा नफा वेगळा कसा? आणि तो काढायचा कसा?”

मी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. साहित्यासह वायरिंगची कामे घेणाऱ्या एका वायरमनच्या २०२३-२४ या वर्षाच्या वहीवरून उत्तर देते. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. वही साधी होती: पैसे आले की डावीकडे नोंद, गेले की उजवीकडे. वर्षभरात गिऱ्हाइकांकडून ९,६०,००० रुपये आले. इलेक्ट्रिकलच्या दुकानाला ४,३०,०००, हेल्परला १,८०,००० आणि पेट्रोल, फोन व किरकोळ खर्चाला ४८,००० रुपये गेले. घरासाठी काढलेले पैसे ही मालकाची उचल असते, खर्च नव्हे, म्हणून ती बाजूला ठेवली. उरले ३,०२,०००.

आयकर कायदा, १९६१ च्या कलम १४५ नुसार अशा व्यावसायिकाला रोख पद्धतीने हिशेब ठेवण्याची मुभा होती, त्यामुळे ही वही चुकीची नव्हती. मात्र ती किती पैसे आले हे सांगते, त्या वर्षी किती काम झाले हे सांगत नाही. वायरमनला भागीदार घ्यायचा होता आणि भागीदाराला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे होते.

त्यासाठी वहीच्या बाहेरच्या दोन तारखांची माहिती लागते: १ एप्रिल २०२३ आणि ३१ मार्च २०२४ या दिवशी लोकांकडून किती येणे होते आणि लोकांचे किती देणे होते. सूत्र कोणत्याही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येते. खरा वेळ जातो तो या याद्या जमवण्यात. अखेरच्या येण्यासाठी मी बिलबुक तर पाहतेच, पण त्याहून अधिक विश्वास पुढच्या एप्रिल ते जूनमधील जमा नोंदींवर ठेवते. त्यातील प्रत्येक रकमेसमोर “हे काम कधी पुरे झाले?” असे विचारले, की मार्चअखेरपर्यंतची कामे आपोआप वेगळी निघतात. आरंभीच्या येण्यासाठी हेच आदल्या वर्षाबाबत करायचे. देण्यासाठी दुकानदाराकडून दोन्ही तारखांचा खातेउतारा मागवावा, कारण उधारी घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या ती जास्त नीट लक्षात असते.

वायरमनचे आरंभीचे येणे १,८०,००० आणि अखेरचे १,३५,००० निघाले. आलेल्या पैशांतून आरंभीचे येणे वजा करायचे, कारण ते आदल्या वर्षीच्या कामाचे. आणि अखेरचे मिळवायचे, कारण ते काम झाले आहे, फक्त पैसे यायचे आहेत. पण ही बेरीज-वजाबाकी करण्याआधी दोन ठिकाणी थांबावे लागले.

पहिले ठिकाण आगाऊ रकमेचे. आलेल्या ९,६०,००० पैकी ४०,००० रुपये एका बंगल्याच्या वायरिंगपोटी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळाले होते आणि काम एप्रिलमध्ये सुरू झाले. हे पैसे हातात असले तरी त्या बदल्यात काम करून देणे बाकी होते, म्हणजे ते एक देणेच होते. ते काढल्यावर झालेल्या कामापोटी आलेली रक्कम ९,२०,००० राहिली.

दुसरे ठिकाण बुडालेल्या पैशांचे, आणि इथे जाणकारही घसरतात. आरंभीच्या येण्यातील १५,००० रुपये देणारा गिऱ्हाईक गाव सोडून गेला होता, म्हणून ते अखेरच्या यादीत नव्हते. सूत्र तसेच लावले तर ९,२०,००० वजा १,८०,००० अधिक १,३५,००० म्हणजे ८,७५,००० रुपयांचे काम दिसते. प्रत्यक्षात कमी झालेल्या येण्यापैकी १५,००० पैसे मिळाल्यामुळे नव्हे, तर बुडाल्यामुळे कमी झाले होते. ते परत मिळवले की वर्षाची खरी बिले ८,९०,००० होतात आणि १५,००० बुडीत म्हणून खर्चात जातात. नफा दोन्ही रीतींनी सारखाच येतो, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. पण कामाचा आकडा कमी दिसतो आणि उधारी बुडते आहे ही गोष्ट झाकली जाते, जी भागीदाराला सर्वांत आधी कळायला हवी.

देण्याच्या बाजूला दुकानाचे खाते आरंभी ६०,००० आणि अखेरीस १,२५,००० होते. उतारा ओळीओळीने वाचल्यावर कळले, की अखेरच्या रकमेत फेब्रुवारीत उधारीवर घेतलेल्या हॅमर मशीनचे १८,००० रुपये मिसळलेले होते. मशीन हे साहित्य नाही. ते खरेदीत धरले असते तर नफा तेवढ्याने कमी दिसला असता. म्हणून साहित्याचे अखेरचे देणे १,०७,००० धरले. दिलेल्या ४,३०,००० मधून आरंभीचे ६०,००० वजा आणि अखेरचे १,०७,००० मिळवले, की वर्षाची खरेदी ४,७७,००० येते. वायरची बंडले, स्विच, पाइप यांचा साठा आरंभी ३०,००० आणि अखेरीस ४५,००० रुपयांचा होता, त्यामुळे कामांत प्रत्यक्ष लागलेले साहित्य ४,६२,००० रुपयांचे. हेल्परच्या मार्चच्या पगारातील १२,००० रुपये एप्रिलमध्ये दिले गेले, म्हणून त्याची मजुरी १,९२,०००. आरंभी त्याचे काही देणे नव्हते.

आता ८,९०,००० मधून ४,६२,०००, १,९२,०००, ४८,००० आणि बुडीत १५,००० वजा केले, की १,७३,००० उरतात. मशीनचा घसारा आयकराच्या १५ टक्के दराने, पण वापर १८० दिवसांपेक्षा कमी म्हणून त्याच्या निम्म्याने, १,३५० रुपये, नफा १,७१,६५०. (वायरमनची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने जीएसटीची नोंदणी नव्हती. ती असती तर येणे, देणे आणि साठा हे सर्व कर वगळून घ्यावे लागले असते.)

३,०२,००० ऐकलेल्या माणसाला हा आकडा पटत नाही, म्हणून मी घसाऱ्याआधीचा १,२९,००० चा फरक नेहमी समोर बसून जुळवून दाखवते. ४०,००० न केलेल्या कामाचे आगाऊ आले. ४५,००० रुपयांनी येणे घटले, म्हणजे जुनी वसुली आणि बुडीत मिळून येण्याची यादी तेवढी लहान झाली. दुकानदाराचे साहित्याचे देणे ४७,००० ने वाढले आणि हेल्परचे १२,००० राहिले. यांची बेरीज १,४४,०००. उलट बाजूला १५,००० साठ्यात अडकले. हा ताळा जुळला नाही तर एखादी रक्कम दोनदा धरलेली किंवा सुटलेली असते.

मात्र हा ताळा फक्त बेरीज तपासतो, याद्या पुऱ्या आहेत का ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी खूण आहे. या वायरमनच्या स्वतःच्या अंदाजाने कोणत्याही कामात निम्मे पैसे साहित्यात जातात. कच्च्या वहीत साहित्याचे प्रमाण सुमारे ४५ टक्के दिसत होते, दुरुस्त हिशेबात ते ५२ टक्के आले. ते ६० टक्के आले असते, तर मी पुन्हा बिलबुक उघडून अखेरच्या येण्यात कोणते काम राहून गेले हे शोधले असते. उलट ४० आले असते, तर दुकानाव्यतिरिक्त आणखी कुणाकडून उधारीवर माल आणला होता का, असे विचारले असते.

३१ मार्चच्या या याद्या सही-तारखेसह वहीच्या मागे चिकटवून ठेवल्या, कारण पुढच्या वर्षी त्याच आरंभीच्या याद्या असतात. बंगल्याचे ४०,००० तिथे मिळवावे लागतील, ती रक्कम तेव्हाच्या वहीत कुठेही दिसणार नसली तरी.