शनिवारी रात्री साडेअकरापासूनचे तास

2024 च्या जुलैमध्ये एका शनिवारी मी गुहागरला माहेरी गेले होते. मी एका लिस्टेड केमिकल कंपनीची कंपनी सेक्रेटरी आहे. ऑफिस मुंबईला, कारखाना खेड तालुक्यात लोटे परशुरामच्या एमआयडीसीत. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि मोबाइलला रेंज येत-जात होती. रविवारी सकाळी आठ वीसला रेंज आली आणि चुलतभावाचा मेसेज दिसला. खाली एक व्हिडिओ, कुणीतरी रस्त्यावरून काढलेला. पत्र्याच्या शेडमागे केशरी उजेड, पावसात वर चढणारा काळा धूर. मेसेज एवढाच: "ताई, ही तुमचीच कंपनी ना?"

आमचीच होती. शेडवरच्या पाइपांचा निळा रंग मी ओळखला. पहिला विचार आला तो माणसांचा. फॅक्टरी मॅनेजर देसाईंना फोन लावला. दोन कामगारांना हाताला भाजलं होतं, दोघांनाही खेडच्या दवाखान्यातून सकाळी घरी सोडलं होतं. बाकी सगळे सुखरूप. मग मी विचारलं, आग किती वाजता लागली? अकरा दहाला. तुम्ही कोणाला कळवलंत? "सरांना, साडेअकराच्या सुमारास." सर म्हणजे आमचे ऑपरेशन्सचे पूर्णवेळ संचालक.

हे ऐकलं आणि मी खाटेवरून उठून बसले. शेअर बाजाराची नियामक सेबी सांगते, की लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीने महत्त्वाची घटना ठरावीक तासांत एक्स्चेंजला, म्हणजे शेअर बाजाराला, कळवायची. मला कळलं आठ वीसला, पण सेबीच्या हिशेबात कंपनीला कळलं होतं साडेअकराला. आग, पूर, वादळ अशा घटनांत कसली चर्चा किंवा मंजुरी आधी व्हायची नसते. त्यामुळे सेबीच्या परिपत्रकात अशी घटना कधी 'घडली' हे ठरवायची कसोटी अशी आहे: कंपनीला कळलं तेव्हा, किंवा कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याला आपलं काम करताना ते कळलं, किंवा रास्तपणे कळायला हवं होतं तेव्हा. संचालक हा कायद्याने अधिकारीच. त्यांनी मला सांगितलं नाही, म्हणून तास पुढे सरकत नाहीत. कंपनी सेक्रेटरी झोपलेली होती ही सबब या नियमात कुठेच बसत नाही, आणि ती बसू नये असंच मला वाटतं. शेअर विकणाऱ्या माणसाला आमचा अंतर्गत फोन कधी झाला याच्याशी काय देणंघेणं?

पुढचा प्रश्न, तास किती? 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या रेग्युलेशन 30 खाली तेव्हा तीन मुदती होत्या. बोर्डाच्या बैठकीत निर्णय झाला तर बैठक संपल्यापासून 30 मिनिटं. बैठकीशिवाय कंपनीच्या आतूनच उगम पावलेली गोष्ट असेल तर 12 तास. बाहेरून आलेली असेल तर 24 तास. आग आपल्याच आवारात लागलेली, मग ती आतली की बाहेरची? यावर डोकं लढवायची गरज नसते, कारण परिपत्रकाच्या तक्त्यात प्रत्येक घटनेसमोर मुदत लिहिलेली आहे. नैसर्गिक आपत्ती, आग, संप, टाळेबंदी यांमुळे कामकाज विस्कळीत झालं तर 24 तास. म्हणजे रविवारी रात्री साडेअकरापर्यंत. रविवारी बाजार बंद असतो म्हणून कुणी त्या तासांतून रविवार वजा करतं, ते चुकीचं आहे. मुदत तासांत आहे, कामाच्या दिवसांत नाही.

भावाने गाडी काढली. चिपळूण गाठलं, परशुराम घाटात दरडीची माती रस्त्याच्या कडेला सरकवत होते, तिथे वीस मिनिटं गेली. साडेअकराला मी लोटेच्या गेटवर होते.

ब्लॉक बीमधला ड्रायर जळाला होता. त्याच्या स्टीलच्या अंगावर निळसर-तांबूस डाग पडलेले, दाराचं गॅस्केट वितळून थेंबाथेंबाने खाली आलेलं आणि तसंच गोठलेलं. जमिनीवर पाणी आणि ओली पावडर यांचा पांढरा चिखल. सॉल्व्हंटचा गोडसर वास अजून येत होता. देसाईंच्या डोळ्यांत रात्रभराची झोप साचलेली. ते म्हणाले, "मॅडम, ड्रायर आणि वायरिंग मिळून 70 लाख, आतला माल 30 लाख. एक कोटीच्या आतबाहेर. विमा आहे. हे काय एक्स्चेंजला कळवण्याइतकं मोठं आहे?"

प्रश्न योग्य होता, आणि त्याचं उत्तर मनाने द्यायचं नसतं. त्याच नियमांच्या शेड्यूल तीनमध्ये घटनांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या घटना आपोआप महत्त्वाच्या मानल्या जातात, तिथे रक्कम बघायची नाही. दुसऱ्या यादीतल्या घटना कसोटीला लावून बघायच्या: परिणाम ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर कळवायचं. आगीने कामकाज थांबणं हे दुसऱ्या यादीत आहे. म्हणून मी त्यांच्याच केबिनमध्ये कागद घेतला.

शेवटच्या ऑडिट झालेल्या एकत्रित ताळेबंदानुसार आमची उलाढाल 640 कोटी, तिचे 2 टक्के म्हणजे 12 कोटी 80 लाख. नेटवर्थ 410 कोटी, त्याचे 2 टक्के 8 कोटी 20 लाख. आता नफा. तीन वर्षांत एकदा 34 कोटी नफा, मधल्या वर्षी 9 कोटी तोटा, मग 32 कोटी नफा. इथे तोट्याचं उणे चिन्ह सोडून द्यायचं असतं, म्हणून बेरीज 75, सरासरी 25 कोटी, आणि तिचे 5 टक्के सव्वा कोटी. या तिन्हींपैकी सगळ्यात लहान आकडा ती मर्यादा, म्हणजे सव्वा कोटी. 640 कोटींची कंपनी म्हटल्यावर माणूस मनात दहा-बारा कोटींचा उंबरठा धरतो. खरा उंबरठा असा नफ्याच्या बाजूला, खूप खाली असतो.

देसाई म्हणाले, म्हणजे आपण एक कोटीवर सुटलो. पण नियमात रकमेबरोबर अपेक्षित परिणामही धरायचा असतो. मी विचारलं, नवा ड्रायर कधी येईल? दहा आठवडे. दुसऱ्या ड्रायरवर हा माल काढता येईल? नाही. या मालाची महिन्याची विक्री 1 कोटी 60 लाख, त्यात सुटणारे पैसे साधारण 40 लाख. दहा आठवड्यांचे 90 लाख. एक कोटीत ते मिळवले की 1 कोटी 90 लाख, सव्वा कोटीच्या चांगलेच वर. विम्याचे पैसे मी वजा केले नाहीत. परिपत्रक नुकसान किती आणि विमा आहे का, किती, हे दोन वेगळे तपशील मागतं. दावा मंजूर होईपर्यंत ती रक्कम आपली नसते, आणि तिच्या आधारावर मोठं नुकसान लहान दाखवणं मला पटत नाही.

दुपारी संचालकांचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "पक्का आकडा नाही, कारण माहीत नाही. सोमवारी बोर्डाची तातडीची बैठक घेऊ, तिथे ठरवू आणि मग अर्ध्या तासात कळवू. नियमात बसेल ना?" मी त्यांना शांतपणे सांगितलं, सर, ती 30 मिनिटं बोर्डाने घेतलेल्या निर्णयासाठी असतात. आग बोर्डाने लावलेली नाही, त्यामुळे बैठकीने तिची वेळ बदलत नाही. आणि पक्का आकडा कुणी मागितलेलाच नाही. घटना घडली तेव्हा अपेक्षित नुकसान सांगायचं, आणि कामकाज पूर्वपदावर येईपर्यंत पुढची माहिती वेळोवेळी देत राहायची. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी रात्रीच तुम्हाला फोन करायला हवा होता."

सव्वादोनला फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. त्यांनी ब्लॉक बी फिरून बघितला आणि लेखी आदेश दिला: सुरक्षिततेची पूर्तता होऊन परवानगी मिळेपर्यंत तिथलं काम बंद. देसाईंनी तो आगीच्या फाइलला लावला. मी तो परत काढला.

माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात निसटण्यासारखी गोष्ट हीच होती. तो कागद आगीचा भाग नव्हता, ती स्वतंत्र घटना होती. सरकारी यंत्रणेने काम बंद करायचा आदेश देणं पहिल्या यादीत येतं. तिथे सव्वा कोटी बघायचे नाहीत, दोन टक्के बघायचे नाहीत. समजा आग 20 लाखांचीच असती आणि आम्ही ती न कळवणं योग्य ठरलं असतं, तरी हा आदेश कळवावाच लागला असता, हातात पडल्यापासून 24 तासांत. त्याचे तपशीलही वेगळे: आदेश कोणाचा, काय कारवाई, कधी मिळाला, कोणत्या त्रुटीबद्दल, आणि आर्थिक परिणाम पैशांत सांगता येईल तेवढा.

म्हणून मी एकाच पत्रात दोन भाग केले. पहिल्यात आग: वेळ, ब्लॉक, दोन किरकोळ जखमी, मालमत्तेचं अंदाजे नुकसान 1 कोटी, विमा आहे, उत्पादनावर सुमारे दहा आठवडे परिणाम, बाकीचे ब्लॉक चालू. दुसऱ्यात आदेश. कारणाबद्दल "तपास सुरू आहे" एवढंच. मसुद्यात कुणीतरी "शॉर्ट सर्किटमुळे" घातलं होतं, ते मी खोडलं. "कंपनीवर कोणताही लक्षणीय परिणाम नाही" हे नेहमीचं वाक्यही खोडलं. परिणाम लक्षणीय आहे म्हणून तर आपण कळवतोय, मग त्याच पत्रात तो नाही असं कसं लिहायचं?

कारखान्यातलं इंटरनेट बंद होतं. देसाईंच्या मोबाइलवरून जोडून संध्याकाळी सहा पन्नासला दोन्ही एक्स्चेंजच्या पोर्टलवर पत्र चढवलं. शनिवार रात्रीपासून एकोणीस तास वीस मिनिटं झाली होती. मुदत उलटली असती तरी कळवावंच लागलं असतं, फक्त उशिराचं कारण लिहून. आणि "संचालकांनी सेक्रेटरीला सांगितलं नाही" हे कारण मला सगळ्या भागधारकांसमोर मांडावं लागलं असतं.

सोमवारी सकाळी एका एक्स्चेंजकडून ईमेल आला: आगीचा व्हिडिओ फिरतो आहे, खुलासा करा. अफवेवर आपणहून खुलासा करायची सक्ती तेव्हा फक्त सर्वात मोठ्या 100 कंपन्यांना होती, आम्ही त्यांत नव्हतो. पण एक्स्चेंजने विचारल्यावर उत्तर द्यायचं बंधन प्रत्येक लिस्टेड कंपनीला असतं. रविवारच्या पत्राचा दाखला देऊन दोन ओळींत उत्तर दिलं. सव्वानऊला बाजार उघडायच्या आधी व्हिडिओ बघितलेल्या आणि न बघितलेल्या, दोघांपुढेही तीच माहिती होती.

मग मी आमचं महत्त्वाच्या घटनांचं धोरण काढलं. वेबसाइटवर होतं, इंग्रजीत, अकरा पानं. कोणत्या घटना संभाव्य महत्त्वाच्या हे कर्मचाऱ्यांना ओळखता यावं, यासाठी ते असायला हवं. पण त्या रात्रीच्या शिफ्ट इनचार्जने ते कधी पाहिलेलंच नव्हतं. मी मराठीत एक पान केलं: आग, गळती, अपघात, काम बंद, कुठल्याही सरकारी खात्याचा कागद. खाली माझा आणि सीएफओंचा नंबर, आणि ठळक अक्षरांत "मोठं की लहान हे तुम्ही ठरवायचं नाही. लगेच फोन करा." ते गेटच्या केबिनमध्ये आणि प्रत्येक ब्लॉकच्या लॉगबुकच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलं.

बंदीचा आदेश सप्टेंबरअखेर उठला, नवा ड्रायर लागला, आणि दोन्हींची माहिती मी पुन्हा एक्स्चेंजला दिली. त्याआधी ऑगस्टमध्ये एकदा पहाटे दोनला फोन वाजला. ब्लॉक डीचा शिफ्ट इनचार्ज होता. "मॅडम, कॉम्प्रेसर बंद पडलाय, सकाळपर्यंत चालू होईल. पुठ्ठ्यावर लिहिलंय म्हणून फोन केला." मी वेळ विचारली, वहीत लिहिली, आणि त्याला म्हटलं, चांगलं केलंत.