फीकाला बोलावणारा तीन ओळींचा मेसेज : माझा अनुभव

त्या दोन दिवसांची चिडचिड अजून पुरती गेलेली नाही. मंगळवारी रात्री साडेदहाला मी मेसेज पाठवला, थोड्या वेळात त्याखाली 'वाचला' अशी खूण उमटली, आणि उत्तर आलं गुरुवारी दुपारी. तेही चार शब्दांचं:

```
Har det hänt något?
```

म्हणजे, 'काही घडलंय का?' मी तिला फक्त कॉफीला बोलावलं होतं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला येऊन मला तेव्हा चार महिने झाले होते. ऑफिस नदीपलीकडे लिंडहोल्मेनला. टीमचा फीका, म्हणजे एकत्र कॉफी प्यायची सुट्टी, रोज सकाळी साडेनऊला आणि दुपारी तीनला आपोआप व्हायचा. कुणी बोलावत नाही, सगळे उठतात, आपणही उठायचं, मशीनची कॉफी घ्यायची आणि टेबलाशी बसायचं. (मराठीत फिका म्हणजे बेचव, म्हणून मी इथे दीर्घ ई लिहितेय, उच्चारही तसाच आहे. कॉफीला तिकडे जुन्या बोलीत 'काफी' म्हणत, त्याची अक्षरं उलटी फिरवून 'फीका' झाला.) त्या टप्प्यात अडचण काहीच आली नाही.

अडचण आली एकटीला बोलावताना. टेस्टिंगचं काम करणारी एक सहकारी खिडकीशी बसायची, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. एकदा माझ्या डब्यातले पोहे बघून तिने ते कसे करतात हे इतकं मन लावून विचारलं की घरी गेल्यावरही मला ते आठवत राहिलं. टीमच्या फीकात आठ माणसं असतात, बोलणं हवामान आणि सुट्ट्यांपलीकडे जात नाही. मला तिच्याशी अर्धा तास नीट बोलायचं होतं.

पाऊण तास खपून मी मेसेज लिहिला, अर्धा शब्दकोशात बघून. अकरा ओळी झाल्या. सुरुवातीला त्रास देत असल्याबद्दल क्षमा. मग, तुम्ही कामात असता याची मला कल्पना आहे. मग मी नवीन आहे, इथे ओळखी कमी आहेत, तुमच्याशी बोलायला आवडेल. मग 'कधीतरी, तुमच्या सोयीने, कुठेही, पुढच्या आठवड्यात किंवा त्याच्या पुढच्या'. शेवटी, कॉफी माझ्याकडून. वडीलधाऱ्या माणसाला लिहायचं म्हणून शब्दकोशात सापडलेलं आदरार्थी 'नी' वापरलं, आणि 'प्लीज'च्या जागी 'स्नेल्ला' घातलं.

यातलं एकही वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. आपल्याकडे असंच बोलावतात. 'एकदा या ना निवांत' म्हणायचं, वेळ समोरच्यावर सोडायची, कारण वेळ आपण ठरवणं म्हणजे हुकूम सोडल्यासारखं. ऑफिसात रुजू झाल्यावर अर्धा दिवस प्रशिक्षण झालं, त्यात आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते सांगितलं, छापील कागद कुठे टाकायचे ते सांगितलं. माणसाला कॉफीला कसं बोलवायचं यावर एक वाक्य नाही. त्याचा मला खरंच राग आहे, कारण पहिल्या वर्षात नवख्या माणसाला रोज लागणारी गोष्ट ती हीच.

त्या चार शब्दांना काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून सोलापूरच्या एका ताईंना फोन केला. त्या नऊ वर्षं तिथे आहेत. मी मेसेज वाचून दाखवला तर त्या मध्येच म्हणाल्या, "अगं, हे ऐकून मलाच धस्स झालं. तिला वाटलं असेल तू नोकरी सोडतेयस, नाहीतर कुणाची तक्रार सांगायचीय तुला."

मग त्यांनी एकेक ओळ घेऊन समजावलं. मेसेजची लांबीच सांगते की विषय गंभीर आहे; साध्या कॉफीला कुणी अकरा ओळी खर्च करत नाही. 'कधीतरी, कुठेही' ही मला सवलत वाटत होती, पण ते तिच्या डोक्याला काम होतं: आपलं कॅलेंडर उघडा, दिवस शोधा, जागा सुचवा, मग मला विचारा. म्हणून ती दोन दिवस गप्प होती. दुखावलेली वगैरे नव्हती, तिला काय उत्तर द्यायचं तेच कळत नव्हतं. 'स्नेल्ला' हे गयावया करताना किंवा लहान मुलं हट्ट करताना जास्त ऐकू येतं. साध्या 'प्लीज'साठी स्वीडिशमध्ये सरळ एक शब्द नाही, प्रश्नाच्या सुरातच ते येतं. आणि 'नी'? ताई म्हणाल्या, "ते काढच. १९६७ साली ब्रोर रेक्सेड नावाचा माणूस सरकारी आरोग्य खात्याचा प्रमुख झाला, आणि आपण सगळ्यांना 'दू'च म्हणणार असं त्याने जाहीर केलं. तेव्हापासून हे लोक साहेबालाही अरे-तुरे करतात. तिच्या वयाच्या बाईला 'नी' म्हणजे तू हात राखून बोलतेयस."

कॉफी माझ्याकडून, हेही नको होतं. एकीने पैसे दिले की दुसरीला फेड करायची राहते. आपापले देतात, किंवा एकीने एकत्र दिले तर दुसरी तिथेच बसल्या जागी स्विश या पैसे पाठवायच्या ॲपवर अर्धे पाठवते. मला हे रुक्ष वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण त्यामुळेच समोरचा माणूस विचार न करता हो म्हणू शकतो.

आधी तिला एका ओळीत कळवलं की काही झालेलं नाही, फक्त फीका घ्यायचा होता. मग सोमवारी सकाळी दहाला, ऑफिसच्या वेळेत, हा मेसेज गेला:

```
Hej! Fika på torsdag 14.30?
Tänkte kaféet på bottenvåningen.
Annars tar vi det en annan dag!
```

'गुरुवारी अडीचला फीका? तळमजल्यावरचं कॅफे मनात आहे. नाहीतर दुसऱ्या दिवशी घेऊ.' तीनच ओळी. दिवस, वेळ आणि जागा मी ठरवून टाकली, म्हणून तिने फक्त हो किंवा नाही म्हणायचं होतं. तिसऱ्या वाक्यावर मी ताईंशी वाद घातला होता. बोलावतानाच 'नाहीतर राहू दे' कसं म्हणायचं? आपल्याकडे आग्रह नसेल तर बोलावणं मनापासूनचं नाही. पण तिथे त्याच वाक्यामुळे नकार द्यायला लाज वाटत नाही, आणि नकार सोपा झाला की होकारही लवकर येतो. अडीचची वेळही उगाच नव्हती. ज्यांची मुलं लहान आहेत ते साडेतीन-चारलाच पाळणाघराकडे निघतात. चार वाजताची कॉफी म्हणजे त्यांच्या घरच्या वेळेवर घाला.

सहा मिनिटांत उत्तर आलं. मी वेळ बघितली होती.

```
Gärna! Kan vi ta fredag halv tre i stället?
```

'यार्ना' म्हणजे आनंदाने. शुक्रवार चालेल का, असं ती विचारत होती. मी लगेच 'शुक्रवार छान' म्हणून मोकळी झाले. आणि 'हाल्व त्रे' मी वाचलं साडेतीन. हाल्व म्हणजे अर्धा, त्रे म्हणजे तीन, मग तीन आणि अर्धा.

शुक्रवारी अडीचला मी मीटिंगमध्ये होते, फोन पालथा. बाहेर आले तर तिचा मेसेज: खिडकीपाशी बसलेय. तो दोन वाजून चौतीस मिनिटांचा होता. धावत खाली गेले तेव्हा तीनला पाच कमी होत्या. ती होती अजून. पेला रिकामा, पण विणकाम हातात. मी घाबरून सांगितलं तशी ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, ही चूक इंग्लंडहून आलेला प्रत्येक माणूस करतो. हाल्व त्रे म्हणजे तिसरा अर्धा झालेला, म्हणजे अडीच.

मला मात्र तेव्हा वेगळंच जाणवलं. आपला 'अडीच' अगदी तसाच घडलाय. संस्कृतात अर्धतृतीय, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे. तेच झिजून अडीच. हे तिला सांगितलं तेव्हा तिने विणकाम खाली ठेवलं. पुढची वीस मिनिटं आम्ही दीड, अडीच आणि पावणेतीनवरच बोलत होतो. पोहे राहूनच गेले.

आता जसं आठवेल तसं. वेळ नेहमी आकड्यांत लिहा, आणि समोरून हाल्व काही आलं तर उत्तरात 14.30 असं टाकून खात्री करा. मी हे केलं असतं तर ती पंचवीस मिनिटं एकटी बसली नसती. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक चालू करा, कारण 'पुढच्या महिन्यात' असं कुणी म्हणत नाही, 'आठवडा ४६' म्हणतात. गोथेनबर्गात चव्वेचाळिसाव्या आठवड्यात शाळांना शरदाची सुट्टी असते, मुलं असलेली माणसं तेव्हा रजेवर जातात. त्या आठवड्यात बोलावू नका.

नकार आला तर शेवट वाचा. 'या आठवड्यात जमत नाही, पण मंगळवारी?' असं असेल तर तिला यायचंय. नुसतं 'तिव्हेर, हिन्नर इंते', म्हणजे 'अरेरे, वेळ नाही', आणि पुढे काही नाही, तर तीन आठवडे थांबून एकदा विचारा. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर मी सोडून देते. टीमच्या फीकात ते माणूस तसंही रोज भेटतं. आणि त्याच दिवसासाठी बोलावू नका. दोन-तीन दिवस आधीचा मेसेज बरा, फार आधीचा पुन्हा गंभीर वाटतो.

फीका झाल्यावर संध्याकाळी `Tack för fikan!` एवढंच पाठवलं, फीकाबद्दल आभार. त्यावर तिचा हसरा चेहरा आला.

फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला सेम्ला खायचा मंगळवार येतो, लेंट हा ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा. वेलचीचा पाव, आत बदामाचं सारण, वर घट्ट मलई. त्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी तिचा मेसेज आला, आणि तिने वेळ आकड्यांत लिहिली होती:

```
Semla på tisdag 14.30?
```