‘लॉस’ या एका शब्दाचं मराठी करताना

प्रकाशानं संदेश नेणाऱ्या काचेच्या तारा, म्हणजे फायबर, जोडणाऱ्या तंत्रज्ञांसाठीची इंग्रजी पुस्तिका मराठीत आणताना सुरुवातीलाच मी तारेतून जाताना प्रकाश कमी होत जातो त्या अ‍ॅटेन्युएशनला ‘क्षीणन’ आणि दोन तारांच्या जोडावर तो कमी होतो त्या स्प्लाइस लॉसला ‘संधी-हानी’ लिहिलं. मसुदा वाचून एका तंत्रज्ञानं विचारलं, “सर, संधी-हानी म्हणजे जॉइंटचाच लॉस ना? मग तसंच लिहा की.” त्याचं बरोबर होतं. मी दोन्हीकडे ‘घट’ हा साधा शब्द घेतला आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली.

सरावात एकानं ०.३५ डीबी, म्हणजे डेसिबल, घट दाखवणारा जॉइंट पास केला. का, तर पुस्तिकेत ‘०.३५ पर्यंत घट चालते’ असं लिहिलं होतं. ते वाक्य फायबरबद्दल होतं: १३१० नॅनोमीटरला दर किलोमीटरमागे साधारण एवढा प्रकाश कमी होतो. टोकं वितळवून केलेल्या फ्यूजन जॉइंटला मात्र ०.१ च्या आत राहायला हवं. ०.३५ आला तर तोडून, पुन्हा साफ करून, नव्यानं क्लीव्ह मारून, म्हणजे टोक सरळ कापून, जोडायचा. एक घट अंतराबरोबर वाढत जाते, दुसरी एकाच जागी होते, आणि माझ्या मराठीत हा फरकच पुसला गेला होता.

म्हणून अ‍ॅटेन्युएशन सगळीकडे ‘दर किलोमीटर घट’ केलं आणि स्प्लाइस लॉस ‘जॉइंटवरची घट’. खाली एक हिशेबही घातला. १२ किलोमीटरची लाइन, दर किलोमीटर ०.३५ प्रमाणे ४.२ डीबी. चार जॉइंट प्रत्येकी ०.१ धरले तर ०.४. दोन टोकांचे कनेक्टर प्रत्येकी ०.५ धरून १. एकूण ५.६. पॉवर मीटर ८ दाखवत असेल तर कुठेतरी वाकलेली केबल, मळकं टोक किंवा बिघडलेला जॉइंट आहे. हा हिशेब केल्यावर दोन शब्दांची गल्लत पुन्हा झाली नाही.

सगळ्यात जास्त वेळ रिटर्न लॉसनं खाल्ला. ‘परतीची घट’ लिहिलं की वाचणारा म्हणणार, घट आहे, म्हणजे कमी तेवढी बरी. इथे नेमकं उलट आहे. पाठवलेल्या प्रकाशापैकी किती मागे फिरतो, हे तो आकडा सांगतो. ५० डीबी म्हणजे एक लाखातला एक भाग परत येतो, ६० म्हणजे दहा लाखातला एक. आकडा मोठा तेवढं चांगलं. शेवटी ‘रिटर्न लॉस’ तसाच ठेवला आणि शेजारी ‘जास्त असेल तितका चांगला’ हे ठळक छापलं.

कनेक्टरच्या नावांना मी हात लावला नाही. एससी, एलसी ही नावं पाकिटावरच असतात. पण एपीसी आणि यूपीसी या टोक घासण्याच्या दोन प्रकारांपुढे रंग लिहिले: सिंगल मोड फायबरमध्ये सहसा हिरवा आणि निळा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्यात बसतो, खटकाही लागतो, पण टोकं नीट टेकत नाहीत, मध्ये फट राहते आणि घट वाढते. ‘बसला म्हणजे जुळलाच असं नाही’ हे वाक्य मूळ इंग्रजीत नव्हतं. ते मी आमच्या पुस्तिकेत घातलं.